'नंतर बघू' म्हणजे नेमकं कधी?

ताई,
माझा अंबड एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष निर्यातदार, सगळे त्यांना नाना म्हणतात, चार वर्षं माझ्याकडून माल घेतात. गुरुवारी ६ नोव्हेंबरला साडेअकराला ते कारखान्यावर येणार होते, या हंगामासाठीचा ५ किलोचा नवा खोका बघायला. मागच्या वर्षी त्यांचे खालच्या थरातले खोके दबले होते, म्हणून. सकाळी मशीनचं बेअरिंग गेलं आणि संध्याकाळी दुसऱ्या पार्टीची गाडी भरायची होती. मी १० वाजून ५० मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर टाकलं, 'सॉरी नाना, आज नाही जमणार, थोडा इश्यू झालाय. नंतर बघू 🙏'. त्यांनी तो मेसेज आमच्या गेटवर पोचल्यावर वाचला आणि तसेच परत फिरले. 'ओके' एवढंच उत्तर आलं. आठ दिवस झाले, त्यांचा फोन नाही आणि मी करायला कचरतोय. आता काय लिहू? आणि ऑफिसात वापरायला एखादा कायमचा मसुदा द्याल का? धंदा म्हटला की मीटिंगा पुढेमागे होतातच.
— एक खोकेवाला, अंबड

भाऊ,

आधी मी कुठल्या खुर्चीवरून बोलतेय ते सांगते. सातपूरच्या एका कंपनीत मी २२ वर्षं खरेदी विभागात होते. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या 'आज नाही जमणार'चा मेसेज ज्यांच्याकडे यायचा, त्यातली मी एक. त्यामुळे नानांची बाजू मला जरा जास्त दिसते, हे धरून चाला.

एका मीटिंगमागे आमच्याकडे काय चालायचं ते ऐका. पुरवठादार अकराला येणार म्हटलं की मी आदल्या दिवशी गेटवर त्याचं नाव देऊन ठेवायची. सकाळी स्टोअरमधून नापास झालेल्या मालाचे नमुने काढून टेबलावर मांडून घ्यायची. क्वालिटीच्या माणसाला सांगायची, 'अकरा ते साडेअकरा शॉपवर जाऊ नकोस.' प्लँटच्या साहेबांची पंधरा मिनिटं मागून घ्यायची. आणि पावणेअकराला मेसेज यायचा, 'मॅडम, नेक्स्ट वीक करू या का?' आता ते नमुने परत कोण ठेवणार, साहेबांना काय सांगायचं आणि पुढच्या आठवड्यात त्यांची पंधरा मिनिटं पुन्हा कोण मागणार? मीच. रद्द त्यानं केली, पण पुन्हा जुळवायचं काम माझ्या गळ्यात. राग यायचा तो याचा. मशीन बंद पडतं, घरी कुणी आजारी पडतं, हे खरेदीवाल्याला काय कळत नाही?

तुमच्या मेसेजात नेमकं हेच झालंय. 'सॉरी' आहे, हात जोडलेलं चित्र आहे, पण 'नंतर बघू'मध्ये बघायचं कुणी, ते नानांवर सोडलंय. पाऊण-एक तास गाडी चालवून आलेल्या माणसानं गेटवरून परत जायचं आणि वर तुम्हाला फोन करून नवी वेळही मागायची? ते नाही करणार. तुम्ही करायचा तो फोन.

आता ६ तारखेची सकाळ जरा उलगडून बघू. बेअरिंग किती वाजता गेलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज, नऊ-सव्वानऊला गेलं असेल. फिटर म्हणाला असेल, 'शेठ, अर्ध्या तासात होतं.' तुम्ही वाट पाहिलीत. दहा वाजले, मग साडेदहा. मशीन सुरू होण्याची आशा संपली तेव्हा तुम्ही फोन हातात घेतलात. बहुतेक ऐनवेळच्या रद्द मीटिंगा अशाच होतात. माणूस निष्काळजी असतो असं नाही, तो आशेवर असतो.

मीटिंग साडेअकराची होती, पण तुमची मुदत साडेअकराची नव्हती. नाना पिंपळगावहून साधारण साडेदहाला निघाले असणार. म्हणजे तुमच्या हातात वेळ होता तो फार तर दहापर्यंत, ते गाडीत बसायच्या आत. समोरचा माणूस घरातून किंवा ऑफिसातून कधी निघतो ती वेळ धरायची, मीटिंगची नाही. नाना पिंपळगावहून यायचे असतील तर ती दीड तास आधी, कुणी पुण्याहून यायचं असेल तर पहाटेच. त्या वेळेपर्यंत खात्री नसेल, तर खात्री नाही एवढं तरी सांगायचं. 'नाना, मशीन बंद पडलंय. अजून निघू नका, दहाला नक्की काय ते सांगतो.' हा फोन करायला कमीपणा वाटतो खरा. पण याच फोनमुळे माणूस आपल्या घरी चहा पीत थांबतो, तुमच्या गेटबाहेर नाही.

मुदत टळून गेली असेल, तर मेसेज टाकूच नका. गाडी चालवणारा माणूस व्हॉट्सअॅप बघत नाही, आणि बघू नयेच. मेसेज टाकला की आपल्या मनाला वाटतं आपण कळवलं, पण कळलेलं काहीच नसतं. फोन लावायचा आणि पहिला प्रश्न 'नाना, कुठवर आलात?' हाच. पुढचं सगळं त्या उत्तरावर आहे. अजून ओझरला पोचले नसतील तर परत फिरवा. आडगाव ओलांडून आले असतील तर येऊ द्या.

हो, येऊ द्या. इथे मला तुम्हाला थोडं टोचायचंय. ती मीटिंग रद्द करायची खरंच गरज होती का? नाना खोका बघायला येत होते. खोका तयार होता, निदान तुमच्या पत्रावरून तसं वाटतं. मशीन बंद असलं तरी खोका टेबलावर ठेवून दाखवता आला असता. वीस मिनिटं, चहा, आणि 'नाना, आज माझं लक्ष लागणार नाही, बाकीचं बोलायला मी तुमच्याकडे येतो.' मला वाटतं, तुम्हाला अडचण होती ती वेगळीच. बंद मशीन, उघडं पडलेलं बेअरिंग, हात काळे झालेला फिटर आणि दुसऱ्या पार्टीचा अर्धवट माल नानांना दिसू नये, अशी. हे माणसासारखंच आहे. पण नाना स्वतः पॅकहाउस चालवतात. ऐन हंगामात प्रीकूलिंगचा कॉम्प्रेसर बंद पडणं म्हणजे काय, हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक आहे. बंद मशीन बघून त्यांनी नाक मुरडलं नसतं. बंद गेट बघून मात्र मुरडलं.

झालं ते झालं. आता शब्दांकडे येते, कारण तुम्ही विचारलंत 'काय लिहू'.

आपल्या मराठीत एक सोय आहे, करणाऱ्याला लपवायची. 'जमलं नाही', 'राहून गेलं', 'होणार नाही', 'इश्यू झालाय'. या सगळ्यांत 'मी' कुठे आहे? जणू मीटिंग आपणहून उठून गेली. रोजच्या बोलण्यात हे चालतं, चालायलाच हवं. पण माफी मागताना हीच वाक्यं थंड वाटतात. 'आज मीटिंग होऊ शकली नाही' आणि 'मी तुम्हाला गेटवरून परत पाठवलं' यांतला फरक नानांना एका क्षणात कळेल.

'क्षमस्व' लिहू नका. तो शब्द दुकानाच्या शटरवरच्या पाटीचा आहे, 'आज दुकान बंद राहील, क्षमस्व'. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' तर रेल्वेच्या भोंग्यातून इतक्यांदा ऐकलंय की गाडी किती उशिरा आहे तेवढंच आपल्याला ऐकू येतं. 'त्रास झाला असेल तर सॉरी' हे सगळ्यांत वाईट. 'असेल तर' कसलं? झालाच ना. पिंपळगावच्या माणसाला साधं 'चुकलं माझं' पुरतं, आणि तेही एकदाच. तीनदा म्हणालात की चौथ्यांदा त्यांनाच तुमची समजूत काढावी लागेल.

कारण सांगायचं, पण एका वाक्यात, आणि खरं. 'मशीनचं बेअरिंग गेलं होतं, मी तिथे अडकलो.' बस. दुसऱ्या पार्टीच्या गाडीचा विषय काढू नका. यात लपवाछपवी नाही. गाडीचं सांगितलं की नानांना ऐकू येईल ते एवढंच, की त्या दिवशी तुमच्या वहीत त्यांचं नाव दुसरं होतं. कारण लांबलं की ते कारण राहत नाही, वकिली होते. आणि 'इश्यू' हा शब्द तर कायमचा सोडून द्या. त्यात सगळं मावतं, म्हणून त्याचा अर्थ काहीच होत नाही.

आता खरी माफी जिथे आहे तिथे येते. नवी वेळ.

'तुम्हाला कधी जमेल ते कळवा' हे वाक्य ऐकायला फार नम्र आहे. मीही वर्षानुवर्षं लिहिलंय. पण ते समोरच्याला कामाला लावतं. त्यानं आपली डायरी बघायची, तुमची अंदाजानं धरायची, मेसेज लिहायचा, तुम्ही 'त्या दिवशी जरा अवघड आहे' म्हणालात की पुन्हा लिहायचं. नाराज माणूस हे करत नाही, तो विषय सोडून देतो. म्हणून तुम्ही दोन वेळा पुढे करायच्या. एक दिली तर हुकूम वाटतो, पाच दिल्या तर तुम्हाला काही कामच नाही असं वाटतं आणि निवडणाराही गोंधळतो. दोन्ही वेळा आधी स्वतःच्या वहीत पेनानं लिहून टाकायच्या, त्यांचं उत्तर येईपर्यंत कुणालाही द्यायच्या नाहीत. आणि त्या दोन खरोखर वेगळ्या असायला हव्यात. मंगळवारी तीन की मंगळवारी चार, ही निवड नव्हे.

नानांच्या बाबतीत मी अशी निवडेन. आत्ता नोव्हेंबर आहे. छाटणी होऊन बागा अशा टप्प्यावर आहेत की सकाळी फवारणीची गडबड असते, तेव्हा त्यांच्याकडे सकाळची वेळ मागायची नाही. दुपारी चार बरं. २० तारखेला, गुरुवारी, अमावस्या आहे. तुम्ही मानत असा नसा, नवा खोका ठरवायला ते त्या दिवशी बसतील असं मला वाटत नाही. म्हणून पहिली वेळ मंगळवार १८ तारीख, दुपारी चार, त्यांच्या पॅकहाउसवर. तुम्ही जायचं. ते एकदा येऊन गेलेत, आता फेरी तुमची. दुसरी वेळ शुक्रवार २१, दुपारी चार, अंबडला, कारण कदाचित त्यांना खोक्यावर दाब देऊन बघायचा असेल आणि ते मशीन तुमच्याकडे आहे. पण हा पर्याय दुसरा ठेवा.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. 'पुढच्या मंगळवारी' म्हणजे येता की त्याच्या पुढचा, यावरून मी दोन माणसांना आठवडाभर एकमेकांची वाट बघताना पाहिलंय. 'परवा' तर आपल्याकडे मागेही असतो आणि पुढेही. 'दुपारी' म्हणजे बारा की चार? आकडा घाला. जागा लिहा. किती वेळ लागेल ते लिहा, पाऊण तास म्हणालात तर माणूस दिवसाचा हिशेब करू शकतो.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत कामाची. मीटिंग पुढे गेली म्हणून काम थांबायला नको. नानांची मूळ चिंता काय आहे? खालच्या थरातले खोके दबले. प्रीकूलिंगमधून आणि कोल्ड स्टोरेजमधून जाताना पुठ्ठा ओल धरतो, ओल धरली की ताकद उतरते, आणि वरच्या थरांचं सगळं वजन तळच्या खोक्याच्या कोपऱ्यांवर येतं. हे तुम्हाला मी काय सांगू! पण याचाच अर्थ असा, की तुमच्या टेबलावर बघितलेला खोका त्यांना फारसं काही सांगणार नव्हताच. तेव्हा मीटिंगच्या आधीच दहा-बारा नमुने त्यांच्या पॅकहाउसवर पोचवा. स्टोरेज चालू असेल तर त्यांनी ते आत एकावर एक रचून, वर द्राक्षाऐवजी दुसरं काही तेवढंच वजन ठेवून दोन रात्री राहू द्यावेत. तुम्ही मंगळवारी जाल तेव्हा बोलायला प्रत्यक्ष काहीतरी असेल. म्हणजे ६ तारखेला जी मीटिंग झाली असती तिच्यापेक्षा ही मीटिंग बरी होईल. पुढे ढकललेल्या भेटीचा समोरच्याला थोडा तरी फायदा झाला, तर मागची फेरी त्याला तितकी डाचत नाही.

सूट मात्र देऊ नका. 'नाना, या वेळी खोक्यामागे पन्नास पैसे कमी करतो' म्हणालात की माफीचा सौदा झाला. ते घेतील, आणि पुढच्या वेळी तुम्ही उशिरा पोचलात तरी भाव बोलतील. पेट्रोलचे पैसे विचारणं तर अपमानच.

आता क्रम. आधी फोन, मग मेसेज. आठ दिवसांनी नुसता मेसेज गेला तर तो पहिल्या मेसेजच्या खालीच दिसेल, 'नंतर बघू'च्या बरोबर खाली. शनिवारी तुमच्याकडे सुट्टी असते ना? १५ तारखेला शनिवारी संध्याकाळी फोन करा, मागे मशीनचा आवाज नको. असं काहीतरी बोला, तुमच्या शब्दांत:

'नाना, नमस्कार. ६ तारखेचं बोलायला फोन केलाय. चुकलं माझं. तुम्ही निघायच्या आधी मी फोन करायला हवा होता, तो केला नाही, आणि तुम्हाला गेटवरून परत जावं लागलं. मशीन बंद पडलं होतं, पण फोन करायला काही मशीन लागत नाही.'

मग थांबा. खरंच थांबा, श्वास घ्या, त्यांना बोलू द्या. हे मधलं गप्प बसणं आपल्याला फार जड जातं, आपण लगेच पुढचं बडबडतो. रागावले तर बरं समजा. 'अरे, मी काय रिकामा बसलोय का?' असं म्हणाले तर संबंध शाबूत आहे. ऐकून घ्या, 'खरंय नाना' म्हणा, समर्थन करू नका. चिंता तेव्हा करायची जेव्हा ते अगदी गोड बोलतील, 'नाही नाही, काही नाही, तुम्ही रेट तेवढा पाठवून द्या.' भेट नको, नुसता रेट हवा, याचा अर्थ बहुधा दुसऱ्या कुणाचा खोका त्यांच्या टेबलावर आलाय. तरी नमुने पोचवाच. रेट त्याच दिवशी पाठवा, पण सोबत सांगा की नमुन्यांवर मला तुमच्याकडून दहा मिनिटं हवीत. त्यावरही 'बघू' आलं, तर समजून घ्या की या हंगामाची ऑर्डर कदाचित गेली. मग पाठपुरावा आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नाही.

फोन झाल्यावर दहा मिनिटांत मेसेज. तो असा:

'नाना, आत्ता बोललो त्याप्रमाणे. ६ तारखेला तुम्हाला वेळेत फोन न केल्याने तुमची फेरी वाया गेली, ही चूक माझी. ५ किलोच्या नव्या खोक्याचे १२ नमुने रविवारी, १६ तारखेला, दुपारपर्यंत पॅकहाउसवर पोचवतो. भेटीसाठी या दोन वेळा मी तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत: मंगळवार १८ नोव्हेंबर, दुपारी ४, तुमच्या पॅकहाउसवर, किंवा शुक्रवार २१ नोव्हेंबर, दुपारी ४, अंबडला कारखान्यावर. पाऊण तास पुरेल. तुम्ही लगेच कळवायची घाई नाही, रविवारी संध्याकाळी ७ वाजता मीच फोन करून विचारतो. दोन्ही सोयीच्या नसतील तर तुम्ही सांगाल त्या वेळी पिंपळगावला येईन.'

शेवटच्या दोन वाक्यांकडे बघा. उत्तर देण्याचं ओझंही त्यांच्यावर नाही, पुढचा फोन तुमच्याकडे आहे आणि त्याचीही वेळ ठरलेली आहे. 'तुम्ही सांगाल त्या वेळी' हे आलंय, पण शेवटी आलंय, दोन पक्क्या वेळांनंतर. तेच सुरुवातीला लिहिलं असतं तर पुन्हा 'नंतर बघू'च झालं असतं, फक्त अदबीचं. आणि रविवारी सातला फोन करायचा म्हणजे सातलाच करायचा. सव्वासातला नाही. सध्या नाना तुमचं घड्याळ बघताहेत.

फोन उचलला नाही तर? एकदाच लावा. तासाभरानं हाच मेसेज पाठवा, 'आत्ता बोललो त्याप्रमाणे' एवढं काढून 'फोन केला होता, तुम्ही कामात असाल' असं करा. नमुने ठरल्या वेळी पोचवा, स्वतः घेऊन गेलात तर उत्तम. मधल्या काळात त्यांना सुविचार, सण-वार, काहीही फॉरवर्ड करू नका.

कायमच्या मसुद्याबद्दल. तो मी देणार नाही, कारण तो दिला की तुमच्या ऑफिसातली मुलगी तो नाना, पुण्याची कंपनी आणि शेजारचा गोंदवाला या सगळ्यांना सारखाच पाठवेल, आणि दुसऱ्या वेळी तो कुणीही वाचणार नाही. त्याऐवजी तिला एवढं सांगून ठेवा की मीटिंग पुढे ढकलायचा निरोप जाण्याआधी तिला तुमच्याकडून चार गोष्टी मिळाल्याच पाहिजेत: समोरच्याचं नेमकं काय वाया गेलं, एका ओळीत खरं कारण, वार-तारीख-वेळ-जागेसह दोन पर्याय आणि पुढचा फोन कोण कधी करणार. यातलं एक जरी नसेल तर तिनं निरोप पाठवायचा नाही, तुम्हाला विचारायचं. तुम्ही चिडाल. चिडा. आणि ज्याची फेरी वाया गेली आहे त्याला पहिला फोन तुम्हीच करायचा, तिच्याकडून नाही.

हे मी स्वतःचे हात पोळून सांगतेय. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मालेगावहून एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे नमुने घेऊन यायचे होते. त्या दिवशी अचानक ऑडिट निघालं. मी गेटवरच्या वॉचमनला सांगितलं, 'त्यांना सांगा, मॅडम बिझी आहेत, नंतर या.' माझ्या मते मी कळवलं होतं. संध्याकाळी घरी निघाले तर ते गेटसमोरच्या टपरीवर बसलेले, पायाशी नमुन्यांची पिशवी. 'नंतर' म्हणजे दुपारनंतर असं त्यांना वाटलं होतं. सकाळच्या एसटीनं आले होते, शेवटच्या गाडीआधी मी सुटेन या आशेवर होते. ती पिशवी मला अजून दिसते. त्यानंतर 'नंतर' हा शब्द मी तारखेशिवाय कधी वापरला नाही.

पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्यांची मीटिंग कॅलेंडरच्या इन्व्हाइटवर असते, तिथे एक छोटी गोष्ट. फोन करून माफी मागा, दोन वेळा द्या, एक ठरली की जुन्या इन्व्हाइटमध्येच वेळ बदला. ते डिलीट केलंत की समोरच्या चार-पाच जणांना 'रद्द' असा निरोप जातो, आणि त्यातल्या दोघांना नवं इन्व्हाइट पाठवायचं हमखास राहून जातं.

आता १८ तारखेबद्दल. नानांनी ती वेळ घेतली तर ती हलवता येणार नाही, बेअरिंग जावो की बॉयलर. एकदा रद्द झाली ती अडचण, दुसऱ्यांदा झाली की तो तुमचा स्वभाव ठरतो, आणि तिसरी वेळ द्यायला समोर कुणी उरत नाही. म्हणून आत्ताच ठरवून ठेवा की त्या दिवशी तुम्ही अडकलात तर कोण जाणार. भाऊ असेल, भागीदार असेल, पण ज्याला पुठ्ठ्याचं कळतं आणि जो भाव बोलू शकतो असाच माणूस. ड्रायव्हरच्या हाती नमुने पाठवणं याला जाणं म्हणत नाहीत. सोमवारी संध्याकाळी नानांना एक फोन, 'उद्या चारला येतोय.' त्यांना काही बदलायचं असेल तर ते तेव्हाच सांगतील.

मंगळवारी दुसऱ्या कुठल्याही पार्टीची गाडी लावू नका, आणि अंबडमधून अडीचला निघा. लवकर पोचलात तर पिंपळगावात चहा घ्या, पण पॅकहाउसच्या गेटवर चारला पाच मिनिटं कमी असताना उभे राहा. नाना त्या दिवशी तुम्हाला दहा मिनिटं बाहेर बसवून ठेवतील, अशी मला दाट शंका आहे. बसा.